कपडे बदललेल्या फोटोत कॉलर विजोड, घेर वितळलेला, पट्टा अधांतरी: दुरुस्ती कशी करता?

कोयरी
मंडळी, कुर्त्यांच्या कॅटलॉगचं काम आहे. मॉडेलचा एकच फोटो आहे, साधा पांढरा कुर्ता घातलेला, आणि त्यावर इनपेंटिंगने, म्हणजे निवडलेला भाग एआयकडून पुन्हा रंगवून घेऊन, वेगवेगळे छापील कुर्ते चढवायचे आहेत. मॉडेलला हे सांगून, तिची लेखी परवानगी घेऊन फोटो काढलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही. फोटो २००० × ३००० पिक्सेल, प्रकाश डावीकडच्या खिडकीतून. AUTOMATIC1111 वापरतेय, वरची डागडुजी गिंपमध्ये.

कापड छान बसतं, पण चार दोष दर वेळी येतात:
१. कॉलरचं एक टोक अणकुचीदार, दुसरं गोल.
२. कुर्त्याचा घेर खाली लेगिंगमध्ये विरघळतो, दुमड दिसतच नाही.
३. एक बाही कोपराच्या जरा वर, दुसरी जवळजवळ कोपरावर.
४. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर दिसतो, छातीवर गायब होतो आणि कमरेपाशी पुन्हा उगवतो.

वीस-वीस वेळा जनरेट करून त्यातला बरा निवडते. एक दोष गेला की दुसरा येतो. तुमची पद्धत काय?

झटपट
Negative prompt मध्ये bad collar, asymmetric sleeves, floating strap असं सगळं लिहा आणि स्टेप्स ५० करा. सीड बदलत राहा, दहातला एक चांगला येतोच. कॉलर राहिलीच तर चांगली बाजू कॉपी करून आडवी उलटवा आणि चिकटवा. दोन मिनिटांचं काम.

शिवणघर
कॉलरची दोन टोकं वेगळी येतात याचं कारण बहुतेक वेळा बकरम असतं. एका टोकाला बकरम शिवणीत अडकलं आणि दुसऱ्याला नाही, की उलटवल्यावर एक टोक बोथट होतं. टोकापाशी शिलाई थांबवून एक तिरका टाका घ्यावा, जादा कापड तिरकं कापावं, मग उलटवावं. बाह्या लहानमोठ्या होत असतील तर मुंढे जुळवून पाहा. बाहीची लांबी सारखी असूनही मुंढा खाली गेला की बाही लांब दिसते.

कोयरी
मास्तर, हा फोटोतला कुर्ता आहे, शिवलेला नाही :) पण मुंढ्याचं तुम्ही म्हणालात ते फोटोतही तपासून बघते.

प्रकाशरेषा
कोयरीताई, वीस वेळा फासे टाकण्यात वेळ जातोय. या चारही दोषांवर उपाय एकच, प्रत्येक ठिकाणी थोडा बदलून करायचा: आधी हाताने ओबडधोबड काढा, मग कमी डिनॉइजिंगवर एआय मॉडेलकडून नीटनेटकं करून घ्या. आकार तुम्ही ठरवायचा, पोत त्याने भरायचा. Denoising strength ०.७५ असेल तर तुम्ही काढलेली रेघ पुसली जाते आणि ०.२ असेल तर तुमचा ब्रश तसाच दिसत राहतो. ०.३५ ते ०.४५ मध्ये काम होतं. Masked content हे `original` वर ठेवा. `fill` किंवा `latent noise` ठेवलंत तर तुमचं रेखाटन सुरुवातीलाच टाकून दिलं जातं.

आता पट्टा. तो का तुटतो ते एकदा कळलं की बाकीचंही समजतं. मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाही. आधी ते प्रत्येक बाजूने आठपट लहान केलेल्या रूपात जातं, म्हणजे ८ × ८ पिक्सेलचं एक घर. तुमच्या फोटोत पट्टा साधारण किती जाड आहे?

कोयरी
आत्ता मोजला. ९ पिक्सेल.

प्रकाशरेषा
मग पाहा. Inpaint area `Whole picture` आणि रुंदी ८३२ ठेवली, तर २००० चा फोटो ८३२ वर येतो आणि पट्टा पावणेचार पिक्सेलचा होतो, म्हणजे एका घराच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या बारीक गोष्टीचा माग मॉडेलला ठेवता येत नाही. खांद्यावर पट्टा भिंतीसमोर असतो, फरक ठळक असतो, म्हणून तिथे टिकतो. छातीवर छापील कापडाशी त्याची गल्लत होते.

`Only masked` निवडलं की फक्त मास्कभोवतीचा तुकडा कापून मोठा केला जातो, दुरुस्त होतो आणि परत जागेवर बसवला जातो. ४०० पिक्सेल रुंदीचा तुकडा १०२४ वर गेला की तोच पट्टा २३ पिक्सेलचा होतो, जवळजवळ तीन घरांचा. पट्टा एका दमात करू नका. खांदा ते छाती आणि छाती ते कंबर असे दोन तुकडे घ्या, मधे थोडे एकमेकांवर येऊ द्या.

पण त्याआधी पट्टा हाताने काढायचाच. गिंपमध्ये Paths ने खांद्यापासून पिशवीच्या कडीपर्यंत एकच वक्र काढा. दोन-तीन बिंदू पुरतात, जास्त घातलेत की पट्टा लहरी होतो. नव्या लेयरवर Stroke Path, जाडी ९, रंग पट्ट्याच्या टिकलेल्या भागातून उचललेला. मग त्या लेयरची प्रत काढा, काळी करा, मूळ पट्ट्याच्या खाली ठेवा, उजवीकडे ३ आणि खाली ३ पिक्सेल सरकवा कारण तुमचा प्रकाश डावीकडून येतोय, ४ पिक्सेल गाउशियन ब्लर, मोड Multiply, ओपॅसिटी ४० टक्के. पट्टा तुटलेला नसला तरी ही सावली नसेल तर तो तरंगतोच. सगळं एकत्र करून त्या भागावर ०.३ ने एकदा फिरवा.

भिंग
प्रकाशरेषा यांच्या सावलीच्या मुद्द्यात भर. सावली सगळीकडे सारखी असू नये. खांद्यावर पट्टा दाबून बसलेला असतो, तिथे सावली अगदी बारीक आणि गडद. छातीच्या खाली पट्टा कापडापासून जरा सुटतो, तिथे ती लांब आणि फिकट. त्यामुळे सावलीच्या लेयरला मास्क लावून खांद्याकडचा भाग आत ओढा. आणि जिथे पिशवीचं वजन येतं तिथे पट्ट्याकडे जाणाऱ्या दोन-तीन चुण्या हव्यात. त्या काढायला सीड बदलण्याचा खेळ चालतो, त्या बाबतीत झटपट यांचं बरोबर आहे. चुण्या कशाही आल्या तरी बहुधा खपतात, पट्टा कसाही येऊन चालत नाही.

झटपट
मग negative prompt उपयोगाचा नाही असं म्हणायचंय का? माझ्याकडे फरक पडतो.

प्रकाशरेषा
एकूण चित्राचा दर्जा थोडा हलतो, ते खरं. पण uneven sleeves लिहिल्याने कुठली बाही किती लांब हवी हे मॉडेलला कळत नाही. शिवाय इनपेंट करताना दुसरी बाही त्या तुकड्यात नसेल, तर त्याला तुलना करायला समोर काहीच नाही. स्टेप्स २५-३० नंतर वाढवून आकार सुधारत नाही, वेळ तेवढा वाढतो.

कॉलर विजोड होण्याचं कारणही तेच आहे. उजव्या पानाचा मास्क समजा १८० पिक्सेल रुंद, आणि `Only masked padding` मुळातल्या ३२ वर. मॉडेलला जेमतेम २४४ पिक्सेलचा तुकडा दिसतो. डावं पान त्या चौकटीबाहेर. मग ते कुठलीतरी एक कॉलर काढतं, तुमच्या कॉलरची जोडी काढत नाही. पॅडिंग १२८ करा. तेवढ्यानेही दुसरं पान पूर्ण येत नसेल तर त्याच्या पलीकडे, मागच्या साध्या भिंतीवर, मास्कचा एक छोटा ठिपका द्या. कापायची चौकट मास्कच्या टोकांवरून ठरते, त्यामुळे ती ठिपक्यापर्यंत पसरते आणि दोन्ही पानं आत येतात. ठिपका भिंतीवरच हवा, कारण तेवढा भागही पुन्हा रंगवला जातो. चौकट पसरली की बारकावा कमी होतो हे मात्र लक्षात ठेवा, म्हणून ठिपका फार दूर नको.

आमराई
मला थोडं वेगळं विचारायचंय. मुलाच्या पासपोर्टच्या फोटोत टी-शर्ट आहे, त्या जागी कॉलरचा शर्ट बसवला. कॉलर नीट बसली पण मानेजवळ पांढरी कड दिसतेय. ती कशी घालवू?

भिंग
आमराई, तो फोटो वापरू नका. पासपोर्टसाठी संगणकाने बदललेला फोटो चालत नाही. मुलाला शर्ट घालून पुन्हा फोटो काढा. इतर कुठल्या फोटोत तशी कड आली तर कारण एकच असतं: मास्क जुन्या कपड्याच्या कडेवरच थांबलेला असतो आणि जुन्या कडेचे दोन-तीन पिक्सेल उरतात. मास्क मानेच्या त्वचेवर ६-८ पिक्सेल चढवा.

आमराई
बरं झालं विचारलं. उद्याच दुसरा काढते. धन्यवाद.

शिवणघर
फोटोबद्दल आहे हे आता समजलं. तरी कॉलर उलटवून चिकटवायची म्हणता त्यावर सांगायचंय. शर्टाच्या कॉलरची दोन पानं हे दोन वेगळे तुकडे नसतात. मानेभोवती फिरणारी ती एकच पट्टी असते. कापडावर कोयरी असेल आणि तिची चोच उजवीकडे वळलेली असेल, तर ती डाव्या टोकावरही तशीच वळते आणि उजव्या टोकावरही तशीच. उलटवून चिकटवलीत तर एका पानावरच्या कोयऱ्या उलट्या वळतील. कपडा हाताळणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं.

दुसरं, बटणपट्टी. पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याची डावी बाजू वर येते, बायकांच्या शर्टात उजवी. कॉलरबरोबर बटणपट्टीचा तुकडाही उलटला तर बाईच्या कुर्त्याला पुरुषाची पट्टी लागते. काज एका बाजूला आणि बटण भलतीकडे असंही फोटोंत पुष्कळ दिसतं.

प्रकाशरेषा
मास्तर, कोयरीचं हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं. अगदी बरोबर आहे.

मग कॉलरसाठी असं करावं: चांगलं पान फक्त आकारासाठी उलटवा, `Layer > Transform > Flip Horizontally`. गळ्याची उभी पट्टी आणि बटणं सोडून, केवळ वळलेलं पान. ते जागेवर ठेवून त्याची नुसती बाह्यरेषा वापरा आणि आत छापील कापडाचा न उलटवलेला तुकडा फिरवून भरा. उलटवलेल्या पानावर सावलीही उलटी येते, तीसुद्धा यामुळे टळते. मग डावीकडचा प्रकाश लक्षात घेऊन उजव्या पानाच्या वळणाखाली मऊ ब्रशने हलकी सावली द्या आणि ०.३५ ने फिरवा. कापड एकरंगी आणि मान अगदी समोर असेल तर झटपट यांची दोन मिनिटांची युक्तीही चालते, फक्त सावली सुधारावी लागते.

मान वळलेली असेल तर उलटवूच नका. पलीकडचं पान कॅमेऱ्याला आखूड दिसायलाच हवं. दोन्ही तंतोतंत सारखी केलीत की कॉलर कागदाची वाटते.

कोयरी
मॉडेलची मान थोडी डावीकडे आहे. म्हणजे मी उगीचच दोन्ही सारखी करायला धडपडत होते. टोकाचा कोन सारखा ठेवायचा आणि रुंदी कमी, असं ना?

प्रकाशरेषा
हो. टोकाची जात सारखी हवी, अणकुचीदार तर दोन्हीकडे अणकुचीदार. रुंदी मानेच्या वळणाप्रमाणे.

भिंग
बाह्यांसाठी नजरेवर विसंबू नका, मोजा. पण बाह्या थेट एकमेकींशी मोजून उपयोग नाही, कारण एक हात वाकलेला किंवा मागे असला की तो फोटोत आखूडच दिसतो. प्रत्येक बाही तिच्याच हाताशी मोजायची: खांद्याच्या शिवणीपासून कोपर किती आणि बाहीची कड किती. गिंपच्या Measure ने दोन्ही आकडे मिळतात. कोयरीताई, तुमचे आकडे टाका.

कोयरी
डावा हात: खांदा ते कोपर ४१२, बाही २४७. उजवा: खांदा ते कोपर ३८०, बाही ३००.

भिंग
डावी बाही हाताच्या ६० टक्क्यांवर संपतेय, उजवी ७९ टक्क्यांवर. दोन वाटा आहेत. उजवी ६० टक्क्यांवर आणायची तर ती २२८ वर हवी, म्हणजे ७२ पिक्सेल कापायचे. डावी ७९ टक्क्यांवर न्यायची तर ती ३२५ वर जाईल, म्हणजे ७८ पिक्सेल वाढवायचे.

निवडायला मोकळीक असेल तर बाही वाढवा, कापू नका. कापलीत की खालची त्वचा कुठून तरी आणावी लागते. मूळ पांढऱ्या कुर्त्याची बाही आखूड असेल तर मूळ फोटोतला हात तसाच उचलता येतो, मग कापणंही सोपं. पण मूळ बाही लांब असेल तर हात मॉडेलने कल्पनेने काढलेला येतो, आणि त्याचा रंग मनगटाशी जुळत नाही. वाढवताना मात्र फक्त कापड झाकायचं असतं.

वाढवायची कृती: बाहीच्या कडेची पट्टी दुमडीसकट निवडून नव्या लेयरवर घ्या, ७८ पिक्सेल खाली सरकवा, हाताच्या कलाप्रमाणे थोडी फिरवा, मधली जागा कापडाच्या क्लोनने भरा. मग फक्त मधल्या भागावर ०.४. कडेवर मास्क जाऊ देऊ नका, नाहीतर दुमड पुन्हा मऊ होते. आणि मास्तरांचं मुंढ्याचं म्हणणं फोटोलाही लागू आहे. एक मुंढा खाली ओघळला असेल तर मोजायला धरलेला खांद्याचा बिंदूच चुकतो. आधी मुंढे पाहा.

सांजवेळ
एक मूलभूत शंका. ग्राहक हा फोटो पाहून कुर्ता घेणार. बाहीची लांबी फोटोतल्या सोयीने ठरवायची का? खऱ्या कुर्त्याची बाही जेवढी आहे तेवढीच दिसायला नको का?

भिंग
बरोबर. माझं वाक्य ‘मोकळीक असेल तर’ एवढ्यापुरतंच होतं. खऱ्या कुर्त्याची बाही ६० टक्क्यांची असेल तर उजवी कापावीच लागेल, त्रास झाला तरी.

सांजवेळ
मग कॉलर, काठ, छपाई यांचंही तेच. माझं मत असं, की कापड एआय मॉडेलकडून रंगवूनच घेऊ नये. खरा कुर्ता हँगरवर त्याच खिडकीपाशी टांगून फोटो काढावा आणि कॉलर, दुमड, बाहीची कड हे भाग त्यातूनच कापून बसवावेत. इनपेंटिंग फक्त सांधे जोडायला.

प्रकाशरेषा
छपाईच्या बाबतीत पूर्ण सहमत, ती खऱ्या फोटोतूनच घ्यावी. दुमडीच्या बाबतीत अर्धा सहमत. हँगरवरचा घेर सपाट लोंबतो, अंगावरचा पायांवरून वळतो. तो कापून बसवला तर पाटीसारखा दिसतो.

कोयरी
खरा कुर्ता हाताशी आहे, त्यामुळे कॉलर आणि बाह्यांची कड त्यातूनच घेते. पण घेराचं अजून कुणी बोललं नाही, आणि सगळ्यात वाईट दोष तोच आहे. मरून कुर्ता, काळी लेगिंग, आणि मधे नुसता धूर.

प्रकाशरेषा
मास्क कुठे थांबवलाय? आणि Mask blur किती?

कोयरी
मास्क जुन्या कुर्त्याच्या कडेपर्यंत. ब्लर १६.

प्रकाशरेषा
धूर तिथूनच येतोय. दुमड ही कापड संपल्याची रेषा आहे, आणि ती तुम्ही नेमकी मास्कच्या कडेवर ठेवलीत. तिथे नवं चित्र आणि जुनं चित्र ब्लरच्या रुंद पट्ट्यात एकमेकांत मिसळतं. रेषा मास्कच्या आत हवी. मास्क दुमडीच्या खाली लेगिंगवर ३० पिक्सेल उतरवा, ब्लर ४.

आता काढायचं काय? दुमडीच्या चार खुणा असतात आणि चारही लागतात. कापडाची कड, ती मरूनपेक्षा किंचित उजळ, कारण तिथे कापड दुहेरी असतं आणि कडेवर प्रकाश पडतो. कडेच्या वर, तुमच्या फोटोत साधारण २०-२५ पिक्सेलवर, शिलाईची बारीक रेघ. कडेखाली लेगिंगवर ८-१० पिक्सेलची गडद सावली, वर तीव्र आणि खाली विरत जाणारी. आणि कडेची चाल: ती सरळ नसते. दोन मांड्यांवर पुढे येते, मधे आत जाते, म्हणून फोटोत हलकी लाट दिसते. हे सगळं साध्या ब्रशने काढा, बालवाडीतल्या चित्रासारखं दिसलं तरी चालेल. मग `Only masked`, ०.४.

काळ्या लेगिंगवर सावली दिसणारच नाही असं वाटेल. मग लेगिंगचा तेवढा भाग आधी थोडा उजळ करा, त्यावर सावली द्या. काळं कापडही फोटोत पूर्ण काळं नसतं.

शिवणघर
कुर्त्याला बाजूचे कट असतील तर त्यांच्या कोपऱ्यात दुमड दोन्हीकडून येऊन चौकोनी बसते. फोटोत तिथेच गोलाई येते. कोपरा टोकदार काढा.

झटपट
मोबाइलवर हे सगळं कसं करायचं? सगळ्यांकडे एवढा संगणक नसतो.

भिंग
रेखाटन आणि सावल्या ब्राउझरमधल्या Photopea मध्ये होतात, त्यात पेन, लेयर मास्क, Liquify सगळं आहे. कमी डिनॉइजिंगचा शेवटचा हात मात्र अनेक फोन अ‍ॅपमध्ये मिळत नाही, कारण तिथे तो आकडा बदलताच येत नाही. दुसरी चांगली वाट कुणाला माहीत असेल तर लिहा.

कोयरी
दुपारभर बसले. कॉलर खऱ्या कुर्त्यातून, पलीकडचं पान आखूड. पट्टा एका वक्रात, सावली दोन जाडींची. दोन्ही पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात झालं. उजवी बाही २२८ वर कापली, मूळ पांढऱ्या कुर्त्याची बाही त्याहून आखूड निघाली, त्यामुळे हात मूळ फोटोतला मिळाला. घेरही आता दिसतोय. पण दुरुस्त केलेले भाग बाकी फोटोपेक्षा गुळगुळीत वाटतात, विशेषतः घेर.

भिंग
कॅमेऱ्याच्या फोटोत बारीक दाणे असतात, जनरेट केलेल्या भागात ते नसतात. `Filters > Noise > RGB Noise`, अगदी कमी, फक्त त्या भागांवर. १०० टक्के झूम करून भिंतीच्या दाण्याशी जुळवा. मग अख्खा फोटो आडवा उलटवा आणि लहान करून बघा. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या फोटोत लगेच खुपते. घेरासाठी एक तात्पुरता Curves लावून कॉन्ट्रास्ट खूप वाढवा. दुमडीची रेषा जिथे तुटते तिथे अजून धूर उरलाय.

कोयरी
डाव्या कटाच्या कोपऱ्यात तुटतेय. मास्तर म्हणाले तोच कोपरा. तो पुन्हा काढते.